पासबुकाच्या फोटोचा ताळा

बचत गटाची सचिव तालुक्याच्या शाखेत जाते, यंत्रात पासबुक सरकवून एन्ट्री मारून घेते आणि बाहेर पायरीवर बसून पानाचा फोटो काढून गटाच्या व्हॉट्सअॅपवर टाकते. हिशेब लिहिणारी दुसऱ्या गावात असते. तिच्यापर्यंत पासबुक पोचतच नाही, पोचतो तो फोटो. त्यावरून ती आकडे वहीत किंवा संगणकावर उतरवते आणि मग महिन्याच्या बैठकीत कुणाची बचत जमा झाली, कुणाची परतफेड राहिली, हे त्या उतरवलेल्या आकड्यांवर ठरतं. गृहनिर्माण संस्थेचा खजिनदार, गावाकडच्या आईचं पेन्शन खातं पाहणारा मुलगा, विवरणपत्र भरणाऱ्याच्या कार्यालयातला शिकाऊ पोरगा, या सगळ्यांचं आज असंच चालतं.

फोटोतून आकडे उतरवताना चुका होतात, यात नवल नाही. पण पासबुकाच्या पानात एक सोय आहे, जी किराणा दुकानाच्या बिलात किंवा वीजबिलात नसते. इथे प्रत्येक व्यवहार दोनदा नोंदलेला असतो. एकदा रक्कम म्हणून आणि एकदा शिल्लक किती बदलली या रूपात. मागची शिल्लक घ्या, नावे पडलेली रक्कम वजा करा, जमा झालेली मिळवा. आलेला आकडा त्या ओळीच्या छापील शिल्लकीशी जुळलाच पाहिजे. बँकेत हे काम संगणक करतो आणि त्याची बेरीज-वजाबाकी चुकत नाही. म्हणून संगणकीकृत बँकेच्या पानावर ताळा बसला नाही, तर जवळजवळ नेहमीच चूक फोटोत, छपाईत किंवा वाचणाऱ्याच्या डोळ्यांत असते. क्वचित ती कुणीतरी मुद्दाम केलेली असते.

बहुतेक लोक ताळा करतात तो पानाच्या शेवटी, आणि एकदाच. सगळं जमा एकत्र, सगळं नावे एकत्र, आरंभीच्या शिल्लकीशी मेळ घालून शेवटची शिल्लक येते का ते बघायचं. नाही आली की डोक्याला हात लावून पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. यापेक्षा ओळीओळीने केलेला ताळा कितीतरी जास्त बोलका असतो, कारण चूक कुठे आहे तेवढंच नव्हे, तर ती कोणत्या जातीची आहे हेही फरकाचा आकडाच सांगतो. एक नमुन्याचं पान घेऊ. आकडे रचलेले आहेत, पण अशी पानं रोज उतरवली जातात. पंधरा जणींचा गट, दरमहा प्रत्येकी २०० रुपये बचत, अधूनमधून सदस्यांना अंतर्गत कर्ज, त्याची परतफेड, आणि बँकेच्या कर्जाचा एक हप्ता. फोटोवरून उतरवलेलं पान असं:

| तारीख | तपशील | नावे | जमा | शिल्लक |
|---|---|---|---|---|
| | पुढे आणलेली | | | ४१,३८२.५० |
| ५ एप्रिल | रोख | | ३,०००.०० | ४४,३८२.५० |
| ८ एप्रिल | रोख काढली | १५,०००.०० | | २९,३८२.५० |
| १२ एप्रिल | रोख | | ६,३५०.०० | ३५,७८२.५० |
| ३० एप्रिल | एसएमएस शुल्क | १७.७० | | ३५,७१४.८० |
| ५ मे | रोख | | ३,०००.०० | ३८,७१४.८० |
| ९ मे | रोख | | ४,६८०.०० | ४३,५७४.८० |
| १४ मे | रोख काढली | | १२,०००.०० | ३१,५७४.८० |
| २७ मे | कर्जहप्ता | ८,२७०.०० | | २३,३०४.८० |
| १० जून | रोख | | ५,४००.०० | ३१,७०४.८० |
| ३० जून | व्याज | | २०७.०० | ३१,९११.८० |

आधी पानभराचा एकच ताळा करून पाहू. जमेची बेरीज ३४,६३७, नाव्याची २३,२८७.७०. आरंभीच्या शिल्लकीत हे मिळवलं-वजा केलं तर ५२,७३१.८० यायला हवेत. पानावर आहेत ३१,९११.८०. फरक २०,८२० रुपयांचा. आता या २०,८२० चं काय करायचं? ही रक्कम पानावर कुठेच नाही. तिची निमपटही नाही. इथे वैतागून लोक बँकेला फोन लावतात.

ओळीओळीने करताना एक पथ्य पाळायचं. प्रत्येक ओळीला मागच्या ओळीची *छापील* शिल्लक घ्यायची, आपण मोजून काढलेली नव्हे. आपली मोजलेली शिल्लक खाली ओढत नेली तर पहिल्या चुकीनंतरची प्रत्येक ओळ चुकीची दिसते आणि दुसरी चूक पहिलीच्या सावलीत लपते. छापील शिल्लक घेतली की प्रत्येक ओळीची झडती स्वतंत्र होते. फरक मांडताना चिन्हही ठेवायचं: छापील शिल्लक वजा यायला हवी होती ती शिल्लक.

असं केलं की आपल्या पानावरच्या दहा व्यवहारांपैकी पाच बिनबोभाट जुळतात. पाच जुळत नाहीत. १२ एप्रिलला अधिक ५०, ३० एप्रिलला उणे ५०, ९ मे रोजी अधिक १८०, १४ मे रोजी उणे २४,००० आणि १० जूनला अधिक ३,०००. यांची बेरीज केली तर उणे २०,८२० येते, म्हणजे मघाचाच आकडा. पण त्या बेरजेत ५०-५० एकमेकांना खाऊन गेले होते. पानभराच्या ताळ्याला ती चूक कधी दिसलीच नसती.

या जोडीपासूनच सुरुवात करू. एकामागोमाग दोन ओळींत तोच आकडा, एकदा अधिक आणि एकदा उणे, असं दिसलं की रकमांकडे बघायचंही कारण नाही. चूक त्या दोन ओळींच्या मधल्या शिल्लकीत आहे. कारण शिल्लकीचा आकडा दोन ठिकाणी वापरला जातो: आपल्या ओळीत उत्तर म्हणून आणि पुढच्या ओळीत सुरुवात म्हणून. तो पन्नासाने जास्त वाचला तर आपली ओळ पन्नासाने वर जाते आणि पुढची तेवढीच खाली येते. रक्कम मात्र एकाच ओळीत वापरली जाते, म्हणून रकमेची चूक एकटीच दिसते. तेव्हा १२ एप्रिलची ३५,७८२.५० ही शिल्लक प्रत्यक्षात ३५,७३२.५० आहे. फरक ५० चा, म्हणजे दशकाच्या घरातला आकडा पाचाने चुकला. बँकेची छपाई इंग्रजी आकड्यांत असते, आणि त्या आकड्यांत पाचाचं अंतर असलेली सगळ्यात फसवी जोडी म्हणजे 3 आणि 8.

हे का होतं, ते पासबुकाच्या छपाईत आहे. शाखेतली पासबुक छापणारी यंत्रं बहुतेक डॉट मॅट्रिक्स जातीची असतात. बारीक सुयांची एक उभी ओळ शाईच्या रिबिनीवर आपटत कागदावरून आडवी सरकते आणि ठिपक्यांनी आकडे उमटवते. रिबीन वाळली की ठिपके विरळ होतात, 8 ची डावी बाजू उडते आणि 3 उरतो. उलटही घडतं: मागच्या पानाची शाई उमटून 3 चा 8 दिसतो. एखादी सुई निकामी झाली तर तिच्या उंचीवरचे ठिपके सबंध पानभर गायब होतात. ती मधली सुई असेल तर 8 आणि 0 यांत फरक करणं कठीण होतं. मग फरक आठाच्या पटीत येतात: ८, ८०, ८००. 1 आणि 7 यांची गल्लत सहाची, 6 आणि 8 यांची दोनाची, 5 आणि 6 यांची एकाची. फरकात एकच आकडा आणि पुढे नुसती शून्यं दिसली की आधी त्या घरात असं जोडपं शोधावं. हस्तलिखित पासबुकात, देवनागरी आकड्यांत, जोड्या बदलतात. घाईत लिहिलेले १ आणि ९ एकसारखे दिसतात, तिथे फरक आठाचा पडतो. देवनागरी ४ वरून मिटला की तो इंग्रजी आठासारखा दिसतो, आणि एकाच वहीत दोन्ही लिप्यांचे आकडे लिहिणारे कारकून मी पाहिले आहेत.

९ मे रोजी फरक आहे १८०. मागे-पुढे जोडीदार नाही, म्हणजे दोष रकमेत. १८० ला नवाने भाग जातो, हे जुन्या हिशेबनिसांना लगेच खटकलं असतं. शेजारचे दोन आकडे उलटसुलट लिहिले गेले की पडणारा फरक नेहमी नवाच्या पटीत असतो. ६८ चे ८६ झाले तर फरक १८. साठ आणि ऐंशी यांत वीस वाढले, एककात दोन घटले. इथे तीच उलटापालट एक घर डावीकडे झाली आहे, म्हणून १८० चे. उतरवलेली रक्कम ४,६८०; सहा आणि आठ यांची जागा बदलली की ४,८६०, आणि ताळा बसतो. फोटोत पाहिलं तर तिथे स्वच्छ ४,८६० आहे. ही चूक छपाईची नाही, उतरवणाऱ्या बोटांची. अर्थात नवाने भाग जाणं हा पुरावा नव्हे, संशय आहे. वाटेल ते आकडे घेतले तरी सरासरी नवांपैकी एकाला नवाने भाग जातोच.

१४ मेचा उणे २४,००० हा त्याच ओळीतल्या रकमेच्या बरोबर दुप्पट. रक्कम चुकीच्या रकान्यात गेली की असं होतं. बारा हजार वजा करायचे होते, आपण ते मिळवले, म्हणून चोवीस हजारांची तफावत. फोटो तिरका निघाला की ओळ एका रकान्यातून दुसऱ्यात घसरल्यासारखी दिसते, आणि तपशिलात 'काढली' असं लिहिलेलं असूनही आकडे उतरवणारा तपशील वाचत नाही. गटाच्या कीर्दीत बँकेच्या खात्यावर आपण पैसे भरले की ते 'नावे' लिहितात आणि बँक त्यालाच 'जमा' म्हणते, त्यामुळे कीर्द लिहायची सवय असलेलीच बाई इथे जास्त फसते. बँकेचं पुस्तक बँकेच्या बाजूने लिहिलेलं असतं, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

याच्याशी संबंधित एक प्रकार सांगतो, कारण गटांना तो हमखास भेटतो. सगळ्याच ओळी जुळेनाशा झाल्या आणि प्रत्येक फरक आपापल्या रकमेच्या दुप्पट निघाला, तर उतरवण्यात काही चूक नसते. हातात बचत खात्याऐवजी कर्जाच्या, म्हणजे कॅश क्रेडिटच्या खात्याचं पासबुक असतं. तिथली शिल्लक ही आपली देणी असते आणि तिच्यापुढे Dr असं छापलेलं असतं. पैसे काढले की हा आकडा वाढतो, भरले की कमी होतो. चिन्हं उलटी करा, पान जुळेल.

आता १० जूनचा अधिक ३,०००. इथे आकडेमोड आपल्याला दोन वाटांवर आणून सोडते. ५,४०० च्या जागी ८,४०० असेल तरी फरक तीन हजारांचाच येतो, आणि पुसट छपाईत 5 आणि 8 यांची गल्लत होऊ शकते. किंवा मधली एक ओळच उतरायची राहिली असेल, तीन हजार जमा झाल्याची. दोन्ही शक्यता ताळ्याला सारख्याच पटतात. निर्णय बाहेरून आणावा लागतो. ५ एप्रिलला तीन हजार आले, ५ मे रोजी तीन हजार आले. जूनची बचत पानावर नाही. पंधरा जणींचे दोनशे म्हणजे तीन हजार. मग फोटो पुन्हा पाहायचा. पासबुक आडवं धरून वरच्या आणि खालच्या पानांवर सलग छापलं जातं, मध्ये शिवण येते. सचिवेने पासबुक मांडीवर अर्धवट उघडं धरून फोटो काढला तर शिवणीलगतची ओळ घडीत बुडते. २७ मे आणि १० जून यांच्या मध्ये नेमकी घडी आहे. तेव्हा ८,४०० चा संशय सोडून द्यायचा, पण ओळ अंदाजाने लिहून टाकायची नाही. शिवण दाबून तेवढ्याच भागाचा फोटो पुन्हा मागवायचा. कारण हरवलेल्या ओळी किती, हे फरकावरून कळत नाही. पाच हजार जमा आणि दोन हजार नावे अशा दोन ओळी बुडाल्या असत्या तरी फरक तीन हजारच दाखवला असता.

हे सगळं वहीत पेन्सिलने होतं. संगणकावर करायचं तर D रकान्यात नावे, E मध्ये जमा, F मध्ये शिल्लक ठेवून, पुढे आणलेली शिल्लक F2 मध्ये लिहून, तिसऱ्या ओळीच्या G रकान्यात हे सूत्र घालून खाली ओढावं:

```
=ROUND(F3-(F2-D3+E3),2)
```

ROUND हवंच. संगणक दशांशातले पैसे आतल्या आत द्विमानात ठेवतो, त्यात १७.७० सारखी रक्कम अगदी तंतोतंत बसत नाही, आणि मग जुळलेल्या ओळीसमोरही शून्याऐवजी काहीतरी अतिसूक्ष्म, विचित्र आकडा उमटतो. दुसरी अडचण अशी की शिल्लकीपुढचं Cr आकड्यासोबत उतरवलं तर संगणक त्याला आकडा मानत नाही आणि सूत्र #VALUE! दाखवतं. आकडे नुसते लिहायचे. मोबाइलवरच्या अॅपमधून घेतलेल्या यादीत बऱ्याचदा नवीन व्यवहार वर आणि जुना खाली असतो. ती यादी आधी उलटी करून घ्यायची, नाहीतर चुकीच्या शिल्लकीला चुकीची रक्कम जोडली जाते.

समजा दुरुस्त्या झाल्या. नवा फोटो आला, ५ जूनची ओळ सापडली, सगळे फरक शून्य झाले. तरी पान खरं ठरलं असं नाही. ताळा दोन शेजारच्या शिल्लकींतलं अंतर तपासतो, आणि जे अंतरात दिसत नाही ते त्याला दिसत नाही.

पहिली फसगत साधी आहे, पण मोठ्या रकमेची. पासबुकावर रकान्यांच्या उभ्या रेघा आधीच छापलेल्या असतात. यंत्रात पासबुक किंचित सरकलं तर शिल्लकीचा सगळ्यात डावीकडचा आकडा नेमका रेघेवर पडतो. तो 1 असेल तर रेघेतच विरून जातो. १,४१,३८२.५० चे ४१,३८२.५० वाचले जातात. आणि पान सरकलेलं असल्याने हे प्रत्येक ओळीत घडतं. सगळ्या शिल्लका एक लाखाने कमी, पण एकमेकांतली अंतरं शाबूत. प्रत्येक फरक शून्य. ताळा छातीठोकपणे सांगतो की पान बरोबर आहे.

यावर इलाज त्याच पानावर असू शकतो, तो म्हणजे व्याजाची ओळ. बचत खात्याचं व्याज १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिल्लकीवर मोजलं जातं. त्याआधी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिल्लकीवर मोजत. म्हणजे तिमाहीच्या व्याजात त्या तिमाहीतल्या प्रत्येक दिवसाची खरी शिल्लक मुरलेली असते. आपल्या पानावर शिल्लक तेवीस ते चव्वेचाळीस हजारांच्या मध्ये फिरते, मधोमध तेहतीस हजार धरू. दर वर्षाला अडीच टक्के असेल तर तीन महिन्यांचे साधारण २०६ रुपये होतात. पानावर आहेत २०७. (रोजच्या शिल्लकीवर काटेकोर मोजलं तर २०७ रुपये ४१ पैसे येतात, बऱ्याच बँका रुपयात पूर्णांक करतात.) प्रत्येक शिल्लकीत आणखी एक लाख दडलेला असता तर व्याज ८३० च्या आसपास पडलं असतं. सहाशेहून जास्त रुपयांची ही तफावत बोटांवर मोजणाऱ्यालाही दिसते. मात्र दर आपल्या बँकेचा, त्या तिमाहीतला घ्यायचा, आणि ज्या पानावर व्याजाची ओळच नाही तिथे हा इलाज चालत नाही. मग त्याच दिवसाची एटीएमची पावती किंवा मिस्ड कॉलवर आलेला शिल्लकीचा संदेश, असा एखादा बाहेरचा आकडा हवा.

दुसरी फसगत जास्त अवघड, कारण तिच्यात माणूस असतो. समजा २८ मे रोजी कुणी गटाच्या खात्यातून दहा हजार काढले आणि ३ जूनला तेवढेच परत भरले. या दोन ओळींमध्ये दुसरा व्यवहार नाही. फोटोत दोन्ही ओळी अंगठ्याखाली गेल्या तर मागची शिल्लक २३,३०४.८० आणि पुढचीही तिथूनच सुरू. फरक शून्य. गटाचे पैसे आठवडाभर कुणी वापरले, याची ताळ्याला गंधवार्ता नाही. एकच ओळ लपवली तर ती लगेच उघडी पडते. एकमेकांना फेडणाऱ्या दोन शेजारच्या ओळी लपवल्या तर पडत नाही. मध्ये तिसरा व्यवहार आला असता तर त्याची शिल्लक दहा हजारांनी खाली दिसली असती आणि लबाडी टिकली नसती. म्हणून फोटो घेताना पानाच्या चारही कडा आणि दोन्ही हात बाहेर, हे आग्रहाने सांगावं. पासबुकाच्या ओळी ठरावीक अंतरावर छापलेल्या असतात. शिवणीपाशी सोडून कुठेही ओळभर जागा रिकामी दिसली तर तिथे काय आहे ते विचारायला लाजू नये.

रकमा बदलून केलेल्या फोटोचंही असंच. १५,००० चे ५,००० केलेला फोटो एका मिनिटात पकडला जातो, कारण बदलणारा बहुधा शिल्लक बदलायला विसरतो. न विसरणाऱ्याला त्या ओळीपासून खालच्या सगळ्या शिल्लका बदलाव्या लागतात, आणि त्याने त्या नीट बदलल्या तर ताळा निरुत्तर होतो. तेव्हा पुन्हा व्याजाची ओळ, पुढच्या पानाची पुढे आणलेली शिल्लक किंवा बँकेतून थेट आलेला उतारा, यांच्याकडेच जावं लागतं.

पानाची शेवटची ओळ नेहमी अर्धी तपासलेली असते, हेही ध्यानात असू द्यावं. मधल्या शिल्लकीला पुढची ओळ साक्षीदार असते, म्हणून तिथली चूक जोडीने येते. शेवटच्या शिल्लकीला साक्षीदार नाही. तिथे एकटा फरक आला तर चूक रकमेत आहे की शिल्लकीत, हे सांगता येत नाही. पहिल्या ओळीचंही तेच, फक्त उलट्या बाजूने. म्हणून फोटो दोन काढावेत: हे पान आणि मागच्या पानाच्या शेवटच्या दोन-तीन ओळी. पासबुक टेबलावर सपाट, शिवण दाबून, उजेड बाजूने आणि मोबाइल पानाला समांतर. व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि 3 व 8 यांच्यातली ती बारीक फट आधी मिटते. खाते क्रमांकाचं पहिलं पान या कामाला लागत नाही, ते पाठवू नये. आतल्या पानावर यूपीआयच्या तपशिलात लोकांची नावं, कधी मोबाइल क्रमांकही छापलेले असतात, तेव्हा पंचवीस जणांच्या ग्रुपवर टाकण्यापेक्षा हिशेब लिहिणारीलाच पाठवलेलं बरं.

काही गोष्टी चुकीसारख्या दिसतात, पण नसतात. फार दिवसांनी पासबुक भरलं की काही बँका जुने व्यवहार एकेक न छापता त्यांची एकत्रित ओळ छापतात, नावे आणि जमा दोन्ही रकान्यांत आकडे असलेली. सूत्रात दोन्ही रकाने घेतलेले असल्याने ताळा बसतो. मात्र मधले व्यवहार हवे असतील तर उतारा मागावा लागतो. यंत्रात चुकीचं पान उघडून सरकवलं तर छापलेल्या ओळींवर नव्या ओळी बसतात आणि आकड्यांची खिचडी होते. अशा पानावर डोळे फोडण्यात अर्थ नाही.

फोटो स्वच्छ आहे, आकडे दोघींनी वाचले आहेत, तरीही फरक उरतोय, असं संगणकावर छापलेल्या पानाच्या बाबतीत फारच विरळा घडतं. हस्तलिखित पासबुक देणाऱ्या छोट्या पतसंस्थेत ते घडतं. तिथे शिल्लक कारकुनाने मनातल्या मनात काढलेली असते, हातचा विसरलेला असतो, आणि मग एका ओळीपासून पुढची पानंच्या पानं शंभराने किंवा हजाराने चुकत जातात, प्रत्येक ओळ मागच्या चुकीच्या शिल्लकीवरून बरोबर काढलेली. ओळीओळीचा ताळा ती एक ओळ नेमकी दाखवतो. त्या ओळीची तारीख आणि रक्कम कागदावर लिहून संस्थेत जायचं आणि पासबुकाच्या दुरुस्तीआधी खतावणीतला आपल्या खात्याचा उतारा मागायचा. कारण दोन शक्यता असतात. खतावणीत शिल्लक बरोबर असेल तर चूक फक्त आपल्या पुस्तकात उतरली आहे, खाडाखोड करून सही-शिक्का घेतला की संपलं. खतावणीत ती जमाच नसेल, तर पासबुकातल्या त्या ओळीसमोर कारकुनाची सही आहे का, आणि त्या दिवशीची भरणा पावती आपल्याकडे आहे का, हे पाहावं लागतं. पावतीवरची तारीख, रक्कम आणि शिक्का तिघांचाही फोटो काढून ठेवावा आणि मूळ पावती कुणाच्या हातात देऊ नये.